‘औषध’ कुठं ठेवलंय? : जिवाला धोका असलेल्या रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना

प्रश्न : मी निफाड तालुक्यात फॅमिली डॉक्टर आहे. माझ्या एका रुग्णाने जीव द्यायचे विचार येतात असं सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतलीय. घरच्यांना ‘औषधं कुलपात ठेवा’ म्हटलं, त्यांनी मान हलवली. पण घरची द्राक्षबाग आहे, फवारणी रोज चालू आहे आणि फवारणारा तोच. अशा घरी नेमकं काय सांगायचं?

उत्तर :

डॉक्टर, आधी ‘औषध’ या शब्दाकडे बघू. मी नाशिकला मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. सुरुवातीची काही वर्षं मीही ‘घरात औषधं कुठं असतात?’ असंच विचारायचे. एकदा एका आजींनी मला देव्हाऱ्याशेजारचा बीपीच्या गोळ्यांचा डबा अगदी बारकाईने सांगितला. पडवीतल्या फवारणीच्या बाटल्यांबद्दल त्या बोलल्याच नाहीत, कारण दवाखान्यात डॉक्टरने ‘औषध’ म्हटलं की त्यांच्या लेखी त्या गोळ्याच. उलट कृषी सेवा केंद्रातून आणतात तेही ‘औषध’, आणि गावात कुणी ‘औषध घेतलं’ म्हटलं की त्याचा अर्थ तिसराच. तुमच्या सल्ल्यावर मान हलली, पण कशाला हलली हे तुम्हाला कळलेलं नाही.

म्हणून मी आता दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. ‘घरात कुणाकुणाच्या गोळ्या चालू आहेत? बंद झालेल्या, उरलेल्या कुठं आहेत?’ हा पहिला. ‘फवारणीचं, उंदराचं, धान्याला लावायचं, गुरांच्या गोचिडाचं औषध कुठंकुठं ठेवता?’ हा दुसरा. गोचिडाचं औषध मुद्दाम विचारायचं. ते गोठ्याच्या खुंटीला किंवा वळचणीला असतं आणि कुणाच्याच यादीत येत नाही.

आता कुलपाचं. श्रीलंकेच्या ग्रामीण भागात १८० गावांमध्ये एक मोठा अभ्यास झाला. पन्नास हजारांहून जास्त घरं त्यात होती. निम्म्या गावांतल्या घरांना कीटकनाशकं ठेवायला कुलपाची पेटी दिली, उरलेल्यांना दिली नाही. निष्कर्ष २०१७ साली आला : पेटी दिलेल्या गावांत विषबाधेचे प्रयत्न कमी झाले नाहीत. पेटी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. लहान मुलांचे अपघात टाळायला ती हवीच. पण सरसकट वाटलेल्या पेटीवर आत्महत्येचा प्रतिबंध सोडता येत नाही. मला माझ्या रुग्णांच्या घरी जे दिसतं त्यावरून कारण समजतं. किल्ली खिळ्याला असते, तो खिळा सगळ्यांना माहीत असतो, आणि हंगामात दिवसाला दोनदा पेटी उघडायची म्हणून आठवड्याभरात कुलूप नुसतं अडकवलेलं राहतं. तुमच्या रुग्णाच्या बाबतीत तर किल्ली त्याच्याच खिशात असणार.

तेव्हा माझा क्रम असा. पहिली पसंती, औषध घरातून आणि मळ्यातून बाहेर नेणं. ते शक्य नसेल तेवढ्यापुरतंच कुलूप, आणि किल्ली एका ठरलेल्या माणसाच्या अंगावर. ‘लपवून ठेवतो’ हा उपाय मी मान्य करत नाही. ज्या घरात माणूस जन्मला, त्या घरात त्याच्यापासून काही लपत नाही. आणि लपवलेलं सापडलं की विश्वासही जातो.

यावर घरातला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘डॉक्टर, ज्याला करायचंच आहे तो काहीतरी करणारच.’ हे ऐकून गप्प बसू नका, कारण ते मनात राहिलं तर बाहेर नेलेली बाटली दोन दिवसांत परत येते. मी त्यांना सांगते की हा विचार लाटेसारखा येतो. टोकाची वेळ बहुतेकदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुढचं बरंचसं ठरतं. अशा प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं एकूण प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आलं. लोक सरसकट दुसऱ्या मार्गाकडे वळले असते तर एकूण आकडा उतरला नसता. एवढं सांगितलं की घरातले म्हातारे लोकसुद्धा ऐकतात. ‘लाट जाईस्तोवर हाताशी नको’ हे वाक्य त्यांना पटतं.

आता एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण घडलं ते असंच.

ऑक्टोबरचा शेवट होता. दिंडोरी तालुक्यातला चौतिशीचा बागायतदार, सोबत बायको आणि धाकटा भाऊ. छाटणी होऊन तीन आठवडे झालेले, वर ढगाळ हवा, म्हणजे डाऊनीच्या धास्तीने एक दिवसाआड फवारणी. सोसायटीचं कर्ज, दोन महिन्यांपासून झोप नाही, आणि मागच्या आठवड्यात तो रात्री शेडमध्ये जाऊन बराच वेळ बसला होता. बायकोने हाक मारली म्हणून परत आला. त्या रात्री मनात काय होतं ते त्याने मला एकट्याला सांगितलं.

मी विचारलं, ‘दादा, हे घरच्यांना सांगू का? तुमच्या कर्जाचं किंवा आणखी कशाचं नाही. फक्त एवढंच की सध्या जिवाला धोका आहे आणि औषधं तुमच्यापासून लांब हवीत.’ तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘सांगा. पण बायकोसमोर रडायला लावू नका.’ परवानगी मागायचीच. नाही मिळाली तरी जिवाचा धोका टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. पण परवानगीने झालेलं बोलणं वेगळंच चालतं. रुग्णाला बाहेर बसवून घरच्यांशी कुजबुज केली की तो घरी जाऊन प्रत्येकाच्या हालचालीवर नजर ठेवतो.

आत बोलावल्यावर मी आधी हेच सांगितलं की हा आजार आहे, उपचार सुरू केले आहेत, आणि पुढचे काही आठवडे जपायचे आहेत. मग दोन्ही प्रश्न विचारले. बायको म्हणाली, ‘घरात काहीच नाही मॅडम, सगळं मळ्यात.’ मी विचारलं, ‘आणि तुम्ही राहता कुठं?’ ती म्हणाली, ‘मळ्यातच.’ यात खोटेपणा नव्हता. तिच्या मनात घर म्हणजे चार खोल्या, आणि पन्नास पावलांवरचं शेड म्हणजे मळा. म्हणून जागेचं नाव घेऊन विचारावं लागतं : शेड, पंपाची खोली, गोठा, माळा, पलंगाखाली, न्हाणीघराचा कोनाडा, ट्रॅक्टरची टूलबॉक्स.

भावाला मी घरी पोचल्यावर फोनचा कॅमेरा चालू ठेवून या जागा फिरायला सांगितलं. त्याने व्हिडिओ कॉल केला. शेडमध्ये चालू हंगामाचा माल होता, तो अपेक्षितच. पण न्हाणीघराच्या कोनाड्यात गेल्या वर्षीची अर्धी बाटली निघाली, गोठ्यात गोचिडाचं औषध निघालं, आणि माळ्यावर एका पाण्याच्या बाटलीत काहीतरी ओतून ठेवलेलं, त्यावर लेबल नाही. ते काय आहे कुणालाच आठवेना. मूळ डब्यातून दुसऱ्या बाटलीत काढलेलं औषध ही आपल्या भागातली रोजची चूक आहे, आणि ती मुलांच्याही जिवावर येते.

मग मालाचं काय करायचं ते ठरवलं. सीलबंद डबे दुकानदाराला परत. हंगामात लागणारा बाकी माल भावाच्या सासुरवाडीच्या गोदामात, तिथून साताठ किलोमीटर. भावाने त्या दिवशीच्या फवारणीपुरतंच मोजून आणायचं, टाकीत घालायचं, आणि रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओतायचं. डब्याला भोक पाडायचं म्हणजे तो परत वापरात येत नाही. उरलंसुरलं ओढ्यात, विहिरीजवळ किंवा मोरीत ओतायचं नाही हे स्पष्ट सांगावं लागतं. घाबरलेलं कुटुंब पहिल्यांदा तेच करतं.

खरी अडचण तुमच्या प्रश्नातलीच होती : फवारणारा तोच. शेतकऱ्याला ‘बागेत जाऊ नको’ म्हणणं म्हणजे त्याच्या हातातलं उरलंसुरलं काम काढून घेणं. मी तसं सांगितलं नाही. डिपिंग, विरळणी, पाणी, मजुरांचा हिशेब, हे त्याच्याकडेच ठेवलं. औषध मोजणं, कालवणं आणि ब्लोअर चालवणं तेवढं निदान सहा आठवडे भावाकडे, आणि भाऊ कामावर असेल त्या दिवशी भाड्याच्या ब्लोअरवाल्याकडे, त्याने माल स्वतः आणायचा या अटीवर. भाऊ सातपूरला कंपनीत होता, त्याने शिफ्ट बदलून घेतली. ही शिफ्टची चौकशी मी त्याच बैठकीत केली, कारण ‘भाऊ बघेल’ हे ठरवणं सोपं असतं आणि भाऊ सकाळी सहाला घराबाहेर पडलेला असतो.

आणि उधारीचं खातं. हे बहुतेक डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. शेड रिकामं केलं तरी कृषी सेवा केंद्रात रुग्णाच्या नावाने खातं चालू असतं. तो मोटारसायकलवर जाऊन पाच मिनिटांत माल उचलू शकतो, पैसेही लागत नाहीत. भावाने दुकानदाराला एवढंच सांगितलं की ‘यंदा हिशेब मी बघतोय, माझ्या फोनशिवाय माल देऊ नका.’ आजाराचं एक अक्षर सांगायची गरज पडली नाही.

गोळ्यांकडे वळते. तिथे आपण डॉक्टरच कधीकधी घरात साठा तयार करतो. गाव लांब आहे, फेऱ्या वाचाव्यात म्हणून महिन्याचं लिहून देतो. धोका असताना मी एका आठवड्याचंच देते, आणि औषध निवडतानाही जास्त प्रमाणात घेतलं तर कमी धोक्याचं असेल तेच निवडते. तुमच्याकडून इतर गोळ्या जात असतील, झोपेची, दुखण्याची, तर तुम्ही आणि मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांशी एकदा बोला. दोन डॉक्टरांनी वेगवेगळी दिलेली पाकिटं एकाच घरात जमा होतात आणि दोघांनाही पत्ता नसतो.

या घरी वडिलांच्या साखरेच्या आणि हृदयाच्या गोळ्या होत्या. त्या बंद करता येत नाहीत. आईने एक पत्र्याची पेटी घेतली, सगळ्यांच्या गोळ्या त्यात, किल्ली तिच्या कमरेच्या बटव्यात, झोपतानाही. आप्पांची दिवसाची गोळी ती काढून देई आणि मुलाचीही. मुलाने समोर पाण्याबरोबर घ्यायची आणि आठवड्याने रिकाम्या पट्ट्या मला आणून दाखवायच्या. पट्ट्या मोजणं मी त्याच्यासमोरच करते आणि कारणही सांगते : ‘गोळी लागू पडतेय की नाही हे ठरवायचं तर ती पोटात गेली का ते मला कळायला हवं.’ ते खरंच आहे आणि त्यात चौकशीचा सूर येत नाही. जुन्या, बंद झालेल्या, तारीख गेलेल्या गोळ्या एका पिशवीत भरून माझ्याकडे आणायला सांगितल्या. सव्वा किलोच्या साखरेच्या पिशवीएवढी पिशवी निघाली. त्यातल्या बऱ्याचशा आजीच्या होत्या, आणि आजी जाऊन चार वर्षं झाली होती.

किल्ली कुणाकडे द्यायची हे ठरवताना एक काळजी घ्या. रुग्ण बाई असेल आणि नवऱ्याकडून मारहाण किंवा छळ होत असेल, तर तिच्या गोळ्यांचा ताबा त्याच नवऱ्याला देऊ नका. तो उद्या ‘नीट वागलीस तर गोळी’ म्हणेल. माहेरचं कुणी, मोठी नणंद, आशाताई, कुणीही चालेल, पण आधी तिला एकटीला विचारा. दारू पिणाऱ्या माणसाकडेही किल्ली नको. मुलामुलींकडे तर मुळीच नको. बारा वर्षांच्या पोराला ‘बाबांवर लक्ष ठेव’ सांगितलेली घरं मी बघितली आहेत, आणि पुढे काही झालं नाही तरी ते पोर वर्षभर झोपत नाही.

परिस्थितीनुसार हे सगळं बदलतं. रुग्ण एकटा राहत असेल, घरात धडधाकट दुसरं माणूस नसेल, तर वरची योजना कागदावरच राहील. मग काही दिवस बहिणीकडे हलवणं हाच उपाय. आणि विचार आजचा, ठरवलेला असेल, तयारी झालेली असेल, किंवा रुग्ण ‘काही होणार नाही’ म्हणत नजर टाळत असेल, तर घरातली औषधं हलवण्यात वेळ घालवू नका. त्याला एकटं न सोडता दाखल करा. जिल्हा रुग्णालय किंवा जवळची मानसोपचाराची सोय, जिथे रात्री कुणी आहे तिथे. घरचे ‘पोलीस केस होईल’ म्हणून मागे सरतात. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर खटल्याऐवजी उपचाराची जबाबदारी सरकारवर येते.

काही घेतलंच तर काय, हेही त्याच बैठकीत सांगून ठेवते, कारण त्या वेळी फोन लागत नाही आणि डोकं चालत नाही. मीठ-पाणी पाजायचं नाही, उलटी करवायची नाही. कपड्यांना लागलं असेल तर कपडे काढून अंग धुवायचं, मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालायची. बाटली किंवा पट्टी सोबत घ्यायची आणि १०८ ला फोन. ‘थोडंसंच घेतलंय, बरा दिसतोय’ म्हणून घरी थांबायचं नाही, काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो. रात्रीबेरात्री नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस, १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर मी आईच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवायला सांगते.

आता बिघडतं कुठं, ते. पहिल्या आठवड्यात कधीच नाही. तेव्हा सगळे घाबरलेले असतात. बिघडतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, रुग्ण हसायला-जेवायला लागतो तेव्हा. घरचे म्हणतात, बरा झाला, कशाला त्याला कमीपणा. नेमक्या याच काळात अंगात बळ आलेलं असतं आणि मनातली निराशा पुरती गेलेली नसते. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे तीन महिने तर विशेष जपण्याचे. म्हणून परत कधी द्यायचं हे सुरुवातीलाच ठरवते, आणि ते घरच्यांनी परस्पर ठरवायचं नाही, माझ्यासमोर बसून ठरवायचं.

या घरी तसंच झालं. नोव्हेंबरच्या शेवटी मी भावाला फोन केला. मी ‘सगळं ठीक ना?’ असं विचारत नाही, उत्तर ‘हो’ येतं. मी विचारते, ‘आज सकाळचं औषध कुणी मोजलं? डबा आत्ता कुठंय?’ भाऊ अडखळला. दोन दिवस रात्रपाळी होती, दादाच म्हणाला मी मारतो. डबा शेडमध्ये होता. मी रागावले नाही. रागावलं की पुढच्या वेळी खोटं उत्तर येतं. डबा त्याच संध्याकाळी हलला, आणि रात्रपाळीच्या आठवड्यांसाठी ब्लोअरवाल्याचं पक्कं केलं. पैशाचा प्रश्न होता, तो बायकोने दुधाच्या पैशातून सोडवला. त्याच आठवड्यात मी रुग्णालाही बोलावून घेतलं. पुन्हा विचार आला होता का, हे सरळ शब्दांत विचारलं. ‘एकदा आला होता, शेडकडे गेलो नाही’ असं तो म्हणाला.

तुमच्या केस पेपरवर यातलं काय लिहायचं, तेही सांगते. ‘कुटुंबास समुपदेशन केले’ एवढं लिहू नका, त्यातून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. मी लिहिते : कोणता माल कुठून कुठे हलवला, किल्ली कुणाकडे, फवारणी कोण करणार, दुकानात कुणी सांगितलं, पुढचा फोन कोणत्या तारखेला. पाच ओळी होतात. फोनची तारीख ठरवताना पिकाचं कॅलेंडर बघा. छाटणी, फुलोरा, माल काढणी, व्यापाऱ्याचे पैसे येण्याची वेळ, आणि अवकाळी किंवा गारपीट झाली तर दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी फोन केला नाही तर नुसत्या तारखा पाळून उपयोग नसतो.

मार्चमध्ये त्यांची काढणी झाली. भाव बरा मिळाला, गोळी चालू होती, झोप बसली होती. ठरल्याप्रमाणे तिघे माझ्याकडे आले. मी विचारलं, ‘दादा, आता फवारणी तुमच्याकडे घ्यायची का?’ भाऊ ‘हो’ म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, ‘खरड छाटणीपर्यंत राहू द्या मॅडम याच्याकडे. मला सध्या बरं वाटतंय, तसंच राहू दे.’ पेटीची किल्ली तेव्हाही आईच्याच बटव्यात होती.